कच्चा टाका

१० ऑगस्ट

आज लिहिलं नाही तर कुणावर तरी ओरडीन. दोरेवाल्या व्यापाऱ्यानं दिलेली ही डायरी गल्ल्याखाली कोरीच पडली होती. दुपारी गुलमंडीतल्या आपल्या फेट्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नसतं, तेव्हा लिहीत बसावं म्हणलं.

काल राखी झाली. मनगट मोकळं. आज आईला घेऊन देवगाव रंगारीला गेलो, ताईच्या सासरी. जूनमध्ये ताईचं वर्षश्राद्ध झालं, त्यानंतर पहिल्यांदाच. जेवताना सगळे गप होते. द्वारकामावशी, म्हणजे ताईच्या सासूबाई, भाकरी वाढत होत्या. आणि एकदम दाजी म्हणाले, "इंद्रजीतराव, कन्नड गावची पोरगी बघून आले म्हणं. पोरीकडच्यांचा निरोप आला व्हय?"

मी म्हणलं, "आला. नाय जमलं."

"कसं जमंल? ते लोक म्हणतेत, दुकानातला फेटा बांधलेला पुतळाच उचलून आणला. तोंडातून शब्द नाय निघाला. अन् फेटा काढला तर खाली सगळं माळरान!"

द्वारकामावशी हसल्या. आई हसली. चौदा महिन्यांत आई हसलेली मी पाहिली नव्हती. मीसुद्धा हसलो, आणि लगेच उठून मागच्या हौदावर तोंड धुवायच्या निमित्तानं गेलो आणि ढसाढसा रडलो.

ज्या घरात ताईचा फोटो आहे, त्या घरात या माणसाला मस्करी सुचते. माणूस किती लवकर विसरतो.

पण त्यांनी माझी खोड काढली आहे. सोडणार नाही.

१७ ऑगस्ट

आमच्या भांडणाची सुरुवात ताईच्या लग्नातली. कानपिळीला नवरीचा भाऊ म्हणून मी दाजींचा कान असा पिळला, की दाजी, म्हणजे शाळेचे सोमनाथ गुरुजी, भर मांडवात "आई गं!" म्हणून ओरडले. कान सोडायचं मानपान म्हणून त्यांनी घड्याळाचा डबा हातात दिला. सगळ्यांसमोर उघडला तर आत भाजलेले शेंगदाणे. खरं घड्याळ त्यांच्या खिशात. तो डबा ताईनंच भरून दिला होता हे मला सहा महिन्यांनी कळलं. नवरीच फितूर!

तिथून सात वर्षं एकमेकांची खोड काढणं चाललं. पंच ताई. तिचे कायदे लई कडक. एकाला एकच, एका खोडीला दोन खोड्यांनी उत्तर द्यायचं नाही. जेवणात काही मिसळायचं नाही, गाडीला हात लावायचा नाही. परक्या माणसांपुढं लाज जाईल असं करायचं नाही. दिवस मावळायच्या आत "मी केलं" म्हणून सांगायचं. समोरचा "पुरे" म्हणला की पुरे, तिथं कारण विचारायचं नाही. ज्याची खोड काढली तो हसला, तर फिटलं. नाही हसला तर आपण चुकलो, त्याची चूक नाही.

आणि सगळ्यांत मोठा कायदा तिच्या शिवणाचा. ती म्हणायची, "गंमत कच्च्या टाक्याची पाहिजे रे. एक दोरा ओढला की निघाली पाहिजे, अन् कापडाला भोक राहायला नको."

म्हणून बदलाही तसाच घेतला. काल शनिवारी दाजी दुकानात आले, शाळेच्या पांढऱ्या शर्टाला बटण लावून घ्यायला. दर शनिवारी यांचं काहीतरी निघतंच. कधी बटण, कधी चेन. शहरात दुसरा कुणी बटण लावत नाही की काय, देव जाणे. बटण लावलं आणि दोन्ही बाह्या मनगटापाशी धावदोऱ्यानं बंद करून टाकल्या. दोरा लाल घेतला, म्हणजे चटकन दिसावा. शेवटी गाठ मारली नाही, म्हणजे कात्री लागायला नको. द्वारकामावशींना फोन करून विचारून घेतलं, सोमवारी शाळेत कुणी साहेब यायचे नाहीत ना. तपासणीच्या दिवशी माणसाची बाही अडकवायची नसते.

१८ ऑगस्ट

सकाळी साडेसातलाच मी मेसेज टाकला, "मी केलं." दाजींचा फोटो आला. हात बाहीत अडकलेला, तोंड मारक्या बैलासारखं. नंतर शाळेतून त्यांचा आवाजी मेसेज: "मेव्हणे, फिटलं. आता माझी पाळी. सावध राहा." मागं पोरं हसत होती वर्गात. शेवटी म्हणाले, "अन् एक सांगायचं होतं. भेटल्यावर सांगतो."

दुपारी डबा सगळा खाल्ला. आईनं रिकामा डबा बघितला, उद्या एक भाकरी जास्त टाकते म्हणाली.

११ सप्टेंबर

आज दुपारी दुकान रिकामं. एक माणूस आला, "टोप्या आहेत का? टक्कल झाकायच्या?" म्हणलं, नाहीत, इथं फेटे. तो गेला, दुसरा आला. "टोपी आहे का हो, माळरानाच्या मापाची?" तेव्हाच डोक्यात प्रकाश पडला. तिसरा कडुबा, दाजींच्या शाळेचा शिपाई. त्याला "टो..." एवढंच म्हणता आलं, पुढं हसूनच बेजार झाला बिचारा, स्टुलावर बसला, पाणी प्यायला.

मानलं पाहिजे. ऐन गिऱ्हाइकीत माणसं पाठवली असती तर धंद्याला ताप झाला असता. दुपारची वेळ साधली. टकलाचं काढलं, पण ते मी स्वतःच सगळ्यांना सांगत फिरतो, दुखणाऱ्या जागेवर बोट नाही ठेवलं. ताई असती तर म्हणली असती, याला शंभर मार्क.

संध्याकाळी स्वतः आले कबूल करायला. सोबत इमरती. चहा घेताना म्हणाले, "इंद्रा, बस जरा. एक बोलायचं होतं."

मी म्हणलं, "बोलणं राहू द्या दाजी, आता माझी पाळी, डोकं चालू आहे."

ते बसून राहिले. ताईनं शिवलेलं गल्ल्यापाशीचं आसन हातानं सारखं करत होते. मग म्हणाले, "बरं. पुढच्या शनिवारी." आणि गेले.

खोड्या पुन्हा चालू होऊन महिना झाला. किती दिवसांनी सकाळी उठावंसं वाटतंय.

२५ सप्टेंबर

आईनं आज सांगितलं. दाजींचं लग्न ठरतंय. मोनिका नाव, गारखेड्यात काकाकडं राहते, आईवडील नाहीत. द्वारकामावशींनी आईला फोन करून परवानगी मागितली आणि आईनं दिलीसुद्धा. म्हणे, "पोरगं चौतिशीचं हाय. माझ्या तनूमागं जन्म काढायचा का त्यानं? अन् आपण कोण अडवणारे?"

मी विचारलं, "मला कुणी सांगितलं नाही?"

आई म्हणाली, "तो दोनदा तुझ्याकडं येऊन गेला म्हणं सांगायला."

खोटं. येऊन गेले ते टोप्यांसाठी. इमरतीसाठी.

खरं लिहितो. ताईला लेकरू नाही. लेकरू असतं तर भाचा म्हणून, भाची म्हणून येणं-जाणं राहिलं असतं. आता दाजी नव्या सासरचे जावई. दर शनिवारी दुसरीच कुणी बटण लावंल. ताईला "तनू" म्हणणारा, तिचं हसणं माहीत असलेला, आईनंतर एकच माणूस माझ्याजवळ होता, आणि तो चालला. ताई पुन्हा एकदा जाते आहे असं वाटतंय.

कानपिळी कशासाठी असते? नवरदेवाला बजावायला, की बहिणीला नीट सांभाळ. मी इतका पिळला कान. काय उपयोग झाला? डेंगीच्या तापानं आठवड्यात गेली. हे बाकड्यावर बसून राहिले होते दवाखान्याच्या, दाढी वाढवून. नुसते बसून.

११ ऑक्टोबर

उद्या साखरपुडा. दाजी स्वतः आले. म्हणाले, "फेटा तूच बांधायचा. दुसऱ्या कुणाच्या हातचा मी बांधणार नाय."

"तेवढ्यासाठी आले?"

"तेवढ्यासाठी नाय. आधीच सांगायला पाहिजे होतं, दोनदा तोंडापर्यंत आलं. तुझं हसू मोडावंसं वाटलं नाय रे."

मी फेटे मोजत होतो. म्हणलं, "केवढ्याला पोहोचू?"

माझी पाळी अजून राहिलीच आहे. एक भारी कल्पना सुचली आहे. साधीच गंमत आहे. कुणाला लागणार नाही, काही मोडणार नाही. ताईचा कुठलाच कायदा मोडत नाही, असं म्हणता येईल.

१२ ऑक्टोबर

लिहायला हात धजत नाही.

फेटा बांधताना शेवटचं टोक आत घट्ट खोचतात, त्यावरच सगळे पदर उभे असतात. मी ते नुसतं अडकवून ठेवलं. आरशात बघून दाजी म्हणाले, "झकास! मेव्हण्याच्या हाताला तोड नाय."

माझा अंदाज होता, गाडीतून उतरताना सैल होईल, आपण हसू, मी परत बांधून देईन. असा अंदाज होता असं मी दिवसभर स्वतःला सांगतोय.

सैल झाला तो मांडवात. अंगठी घालून झाल्यावर दाजी मोनिकाच्या काकांच्या पाया पडायला वाकले, आणि अख्खा फेटा सुटून काकांच्या पायांवर पडला. आमच्याकडं फेटा पडणं म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. फेटे विकून पोट भरणाऱ्याला नाही कळलं? मागून एक बाई म्हणाली, "अगं बाई, बिजवराचा फेटा पडला. पहिलीची इच्छा दिसत नाही." द्वारकामावशींचा चेहरा पांढराफटक. मोनिका मान खाली घालून ओटीतले सांडलेले तांदूळ गोळा करत होती.

ताईच्या नावानं बोलली ती बाई. माझ्यामुळं.

मी उभं राहून "मी केलं" म्हणायला पाहिजे होतं. मी फेट्यांची पिशवी आवळत बसलो. दाजींनी वाकून फेटा उचलला, कपाळाला लावला आणि हसत म्हणाले, "माझीच चूक. गाडीत गरम झालं म्हणून काढला अन् माझ्याच हातानं परत बसवला. मास्तराला फेटा काय जमतोय?" लोक हसले. कार्यक्रम पार पडला.

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. जवळ येऊन हळूच म्हणाले, "पुरे, इंद्रा."

दिवस मावळला. मी कबूल केलं नाही.

१८ ऑक्टोबर

शनिवार. दुकान उघडताना कुलूप तपासलं. गल्ला तपासला, चपला उलट्या करून बघितल्या. कुठंच काही नाही. पाळी त्यांची आहे. पण "पुरे" म्हणलं की पुरे.

कुणीतरी आपली खोड काढावी म्हणून वाट बघत बसणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. तो मीच निघालो. बटण घेऊन कुणी आलं नाही.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. आईनं मला ओवाळलं. म्हणली, आज मीच तुझी बहीण. दोघंही रडलो. ताट तसंच राहिलं.

आई म्हणाली, "तनू असती तर तुझ्या कानाखाली वाजवली असती." म्हणजे तिला कळलंय. कधीपासून कळलंय, विचारलं नाही.

२ नोव्हेंबर

गारखेड्याला गेलो. गेले आठ-पंधरा दिवस ते लग्न मोडतंय की काय अशी कुजबुज कानावर येत होती. त्या बाईचं बोलणं पसरलं आहे. कबूल करायची वेळ केव्हाच टळली, पण म्हणलं उशिरा तर उशिरा.

मोनिकाचे काका, बद्रीनाथराव, पेपर वाचत होते. मी उभ्यानंच बोललो. "फेटा मी सैल बांधला होता. मुद्दाम. दाजींची चूक नाही, आणि माझ्या बहिणीची तर अजिबात नाही. तिला हे कळलं असतं तर तिनं मला घरात घेतलं नसतं. ती मेली तरी तिच्या नावावर हे घालू नका."

काकांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "कशापायी केलं?"

"गंमत म्हणून" असं म्हणायला तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर आलं. "दाजी मला पाहिजेत म्हणून."

आतल्या दारात मोनिका उभी होती. काकांनी मान हलवली, म्हणाले, "बस. चहा घे. आम्हाला सोमनाथराव पसंत आहेत, फेट्याशी आमचं काय लगीन लागतंय का?" मी बसलो.

मोनिका चहा घेऊन आली. बारीक चणीची, बोलायला धीट. म्हणाली, "त्यांनी मला सगळं सांगितलं होतं. पोळ्याच्या आधीच्या बाह्या, टोप्या. फेट्याचं मात्र नाही सांगितलं. ते म्हणाले, माझ्याच हातानं सैल बसला."

मग तिनं ताईचे कायदे विचारले. सगळे. मी सांगितले. परक्यांपुढं नाही म्हणजे किती परके? घरच्यांपुढं चालतं? म्हणलं, चालतं, पण ज्याची खोड काढायची तोही हसणार याची खात्री पाहिजे. लाल दोराच का? म्हणलं, दिसावा म्हणून. गाठ का नाही मारायची? म्हणलं, माणसाला एका हातानं सोडवता यावं म्हणून. एवढं बारकाईनं का विचारत होती कळलं नाही. वेळ जायला विचारलं असेल.

निघताना म्हणाली, "तुमच्या ताईंचा फोटो लग्नानंतरही घरातून काढायचा नाही, असं मी त्यांना सांगितलंय." मी चपला उलटसुलट घालूनच रस्त्यावर आलो.

१६ नोव्हेंबर

दाजींना फोन केला. "कबूल करून आलो."

"कळलं मला."

"फिटलं का?"

पलीकडं खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मी हसलो नाय ना इंद्रा अजून. लग्नाला ये. फेटे तूच बांध सगळ्यांचे." आणि ठेवला.

म्हणजे नाही फिटलं.

२९ नोव्हेंबर

उद्या लग्न. तिथं जायचं, फेटे बांधायचे, अक्षता टाकायच्या आणि परत यायचं. मग ते त्यांच्या वाटेनं, आपण आपल्या. द्वारकामावशी सकाळी दुकानात आल्या होत्या, माझा उद्याचा कुर्ता इस्त्री करून देते म्हणून घेऊन गेल्या. म्हणलं, इस्त्री मीच करीन की. ऐकायलाच तयार नाहीत. संध्याकाळी कडुबानं आणून दिला, घडी मोडू नको म्हणाला.

३० नोव्हेंबर

दाजींचा फेटा बांधला. शेवटचं टोक असं खोचलं, की वादळातही हलणार नाही. बांधताना आम्ही बोललो नाही. माझे हात त्यांच्या कपाळाला लागत होते. कानामागं पांढरे केस आले आहेत त्यांच्या. गेल्या दीड वर्षातले.

लाजाहोमाच्या वेळी भटजींनी हाक दिली, "मुलीचा भाऊ! भाऊ कुठाय? कानपिळीला या!"

मोनिकाला भाऊ नाही. काका तिच्या एका चुलतभावाकडं बघायला लागले. मी मागच्या बाजूला उरलेल्या फेट्यांच्या घड्या घालत होतो, ताईचं लग्न डोळ्यांसमोर येत होतं, म्हणून मान वर करत नव्हतो. तेवढ्यात दाजींचा आवाज आला, शाळेत हजेरी घेतात तसा. "इंद्रजीत रामकिसन! भाऊ तिकडं काय घड्या घालत बसलाय? बहीण वाट बघतीय!"

सगळा मांडव माझ्याकडं वळला. मोनिका माझ्याकडं बघून मान हलवत होती. आई पुढच्या रांगेत तोंडाला पदर लावून हसत होती. म्हणजे हिलाही माहीत होतं. सगळे सामील. पुतळा झाला माझा, खरोखरचा.

कसा पुढं गेलो माहीत नाही. दाजींचा कान हातात घेतला. पिळवेना. ताईच्या लग्नात याच कानात मी म्हणलो होतो, ताईला सांभाळा. त्यांनी सांभाळलं होतं. बाकड्यावर बसून, दाढी वाढवून, जेवढं माणसाच्या हातात असतं तेवढं सगळं सांभाळलं होतं. मला ते आज कान हातात धरल्यावर कळलं.

दाजी हळूच म्हणाले, "जोरात पिळ ना रे. मागच्या वेळेसारखा." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग मी पिळला. "आई गं!" म्हणून ओरडले आणि हसले. पोटातून हसले. फिटलं.

मानपानाचा डबा हातात ठेवला. घड्याळाचा, तोच जुना. उघडला. शेंगदाणे. मी भर मांडवात हुंदका देऊन रडलो. डोळे पुसायला काही सापडतं का म्हणून खिशात हात घातला, तर हात आत जाईना. उजवा नाही, डावाही नाही. खाली बघितलं. दोन्ही खिशांच्या तोंडावर लाल दोरा. सगळा मांडव हसत होता आणि मी नाक गळत उभा. मोनिकानं शालूचा पदर पुढं केला. "घ्या दादा, पुसा. मी केलं."

टाके वेडेवाकडे होते, नवशिक्याचे. पण शेवटी गाठ नव्हती.

आता घरी आहे. आई शेंगदाणे सोलून खातेय, म्हणते थोडे करपलेत, तनू असे करपवायची नाही. उजव्या खिशाचा दोरा मांडवातच ओढला, सर्रकन निघाला, भोक राहिलं नाही. डावा खिसा तसाच ठेवला आहे. ताईला सांगायला कुणी नाही आज, म्हणून इथं लिहितो. ताई, पाळी माझी आहे आणि मला काहीच सुचत नाही.